प्रो-ई, वाइल्डफायर, क्रिओ: बायोडेटातलं एकच कौशल्य

समजा, चाकणच्या एका कारखान्याला डिझाइन इंजिनिअर हवा आहे. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या या कारखान्याची अट साधी आहे: क्रिओवर किमान पाच वर्षांचं काम. भरतीच्या टेबलावरचा माणूस बायोडेटांच्या फोल्डरमध्ये `Creo` असा शब्द टाकून शोधतो. त्यात एका इंजिनिअरचा बायोडेटा आहे. २००९ ते २०१२ वाइल्डफायर ४.०, २०१२ ते २०१५ क्रिओ २.०, २०१५ ते २०१८ यूजी-एनएक्स. शोधाला क्रिओची तीनच वर्षं दिसतात आणि बायोडेटा बाजूला पडतो. प्रत्यक्षात या माणसाने त्या सॉफ्टवेअरवर सहा वर्षं काढली आहेत, कारण वाइल्डफायर आणि क्रिओ ही एकाच सॉफ्टवेअरची दोन वयं आहेत.

पीटीसी कंपनीचं हे सॉफ्टवेअर ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस `Pro/ENGINEER` या नावाने आलं. आपल्याकडे त्याला सगळे प्रो-ई म्हणू लागले. २००२ पासून त्याच्या आवृत्त्यांना वाइल्डफायर हे नाव लागलं, २०१० मध्ये क्रिओ हे नाव जाहीर झालं आणि २०११ मध्ये क्रिओ १.० बाजारात आलं. मेनूची मांडणी बदलली, पण स्केच काढायचं, त्याला जाडी द्यायची, एकावर एक फीचर रचत जायचं आणि माप बदललं की पुढचं सगळं आपोआप बदलायचं, ही कामाची पद्धत तीच राहिली. म्हणून ही नावं एका कौशल्याखाली बांधायला हरकत नाही.

बांधायची कशी? आधी मजकूर स्वच्छ करावा लागतो, आणि नेमकं हेच बहुतेक वेळा राहून जातं. पीडीएफमधून मजकूर काढताना काही फॉन्टमधली `f` आणि `i` ही दोन अक्षरं जोडाक्षरासारखी एकच खूण होऊन येतात. डोळ्यांना `Wildfire` नीट दिसतं, पण शोधाला तो शब्द सापडत नाही. युनिकोडचं `NFKC` नावाचं सामान्यीकरण चालवलं की ती खूण सुटून पुन्हा दोन अक्षरं होतात. दुसरी अडचण तिरप्या रेघेची. बरीच शोधयंत्रं `Pro/E` चे `Pro` आणि `E` असे दोन तुकडे करतात; एकटं `E` निरुपयोगी, आणि एकटं `Pro` कुठल्याही बायोडेटात सापडेल. म्हणून तुकडे करण्याआधीच सगळी रूपं पकडणारा एक नमुना लिहायचा:

```
\b(Pro[\s/-]?E(ngineer)?|Wildfire|Creo)\b
```

लहान-मोठ्या अक्षरांतला फरक सोडून हा नमुना चालवला की `ProE`, `Pro-E`, `PRO/ENGINEER`, `Pro Engineer` सगळे एकाच जाळ्यात येतात. जे सापडेल त्याला आतून एकच ठरावीक नाव द्यायचं, पण मूळ शब्द आणि त्याच्या शेजारचा आवृत्तीचा आकडा वेगळा जपून ठेवायचा. आकडा पुसून टाकणं ही मोठी चूक आहे, आणि तो नुसता आकडा म्हणून वाचणं त्याहून मोठी. वाइल्डफायर ५.० आणि क्रिओ २.० यांत यंत्र पाचाला मोठा मानेल, पण नवी आवृत्ती क्रिओ २.० आहे. आकडे एका नावाच्या आतच तुलनेला चालतात. नाव बदललं की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. म्हणून प्रत्येक आवृत्तीपुढे तिचं वर्ष लिहिलेली छोटी यादी लागते आणि तुलना वर्षांची करायची. कॅटियात तर लिहिण्याची पद्धतच बदलली: व्ही५आर२१ नंतर व्ही५-६आर२०१२ आलं. पुढचे चार अंक दिसले म्हणजे सॉफ्टवेअर वेगळं झालं असं नाही.

आता आपल्या इंजिनिअरची शेवटची तीन वर्षं पाहू, कारण एनएक्समध्ये अडचण उलट बाजूची आहे. प्रो-ईची माणसं शोधातून सुटतात. इथे भलतीच माणसं आत येतात. युनिग्राफिक्स हे या सॉफ्टवेअरचं जुनं नाव. पुढे ते एनएक्स झालं आणि २००७ मध्ये सीमेन्सकडे आलं. कारखान्यातली जुनी मंडळी आजही यूजीच म्हणतात, म्हणून यादीत `UG` घालावंसं वाटतं. पण पदवीधराच्या बायोडेटात `UG: B.E. Mechanical` अशी ओळ असते आणि तिथे यूजी म्हणजे पदवीचं शिक्षण. `UG` सरसकट मोकळं सोडलं, तर ज्याने एनएक्स कधी उघडलंही नाही तोसुद्धा यादीत येऊन बसतो.

उपाय शेजारचे शब्द पाहण्याचा. `UG-NX` किंवा `Unigraphics` दिसलं तर थेट मान्य. एकटं `UG` असेल तर ते बायोडेटाच्या कोणत्या भागात आहे ते पाहायचं: सॉफ्टवेअरच्या किंवा प्रकल्पांच्या भागात, कॅटिया, ऑटोकॅड, मॉडेलिंग अशा शब्दांजवळ असेल तरच घ्यायचं, शिक्षणाच्या भागात, पदवी किंवा विद्यापीठाच्या नावाजवळ असेल तर सोडायचं. दोन्हीही नसेल तर माणसाने वाचायच्या ढिगात टाकायचं. माझ्या मते हा तिसरा ढीग असणं फार गरजेचं आहे. दोनच ढीग ठेवले की शंकेचा सगळा तोटा उमेदवाराच्या माथी जातो.

`NX` मध्येही एक खोच आहे. `NX Nastran` हे भागावर येणारा ताण वगैरे गणिताने तपासणारं सॉफ्टवेअर. ते चालवणारा माणूस मॉडेल काढणारा असेलच असं नाही. त्यामुळे लांब नाव आधी जुळवायचं, जुळलेला भाग बाजूला काढायचा आणि मग उरलेल्या मजकुरात `NX` शोधायचं. हा क्रम उलटला की विश्लेषणाचं काम करणारा माणूस डिझायनर म्हणून मोजला जातो.

नातं जवळचं असलं तरी काही नावं एकत्र बांधू नयेत. कॅटियाचं व्ही४ आणि व्ही५ नाव एकच सांगतात, पण व्ही५ नव्याने लिहिलेलं सॉफ्टवेअर होतं. व्ही४ वरचा हात व्ही५ वर लगेच चालत नाही. सॉलिड एज आणि एनएक्स दोन्ही सीमेन्सची, तरी दोन वेगळी कौशल्यं. अशा जोड्यांना यादीत 'तेच' न लिहिता 'जवळचं' असं लिहायचं. जवळचं कौशल्य असलेला बायोडेटा वाचला जावा, पण अट पूर्ण झाली असं धरू नये. गुणवत्ता विभागातलं टीएस १६९४९ आणि आयएटीएफ १६९४९ ही जोडीही याच प्रकारची. २०१६ मध्ये दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली, पण त्यात नव्या अटीही आल्या. जुन्या मानकावर ऑडिट केलेल्या माणसाला नव्यावर काम केलंय का, हे विचारावंच लागतं.

यादी तयार झाली की ती तपासायची कशी? बहुतेक जण निवडलेले बायोडेटा वाचतात आणि समाधान मानतात. त्यातून `UG` सारखी चूक दिसते, पण वाइल्डफायरची कधीच दिसत नाही, कारण तो माणूस निवडलेल्यांत नसतोच. म्हणून नाकारलेल्या ढिगातून कसलीही निवड न करता पन्नासेक बायोडेटा उचलायचे आणि कॅडवर काम केलेल्या माणसाकडून वाचून घ्यायचे. `Unigraphix` सारखी जी नवी रूपं आणि चुकीची स्पेलिंगं सापडतील ती यादीत घालायची आणि जुन्या सगळ्या बायोडेटांवर शोध पुन्हा चालवायचा, कारण एका नव्या शब्दाने कधीकधी जुनं बरोबर उत्तरही बिघडतं.

आपल्या इंजिनिअरचा हिशेब आता असा लागतो: प्रो-ई आणि क्रिओ मिळून सहा वर्षं, अट पाचाची, म्हणजे पूर्ण. पण शेवटचा वापर २०१५ चा. नावांची यादी एवढंच सांगू शकते. मधल्या वर्षांत हात किती सुटला ते बायोडेटात लिहिलेलं नसतं. त्यासाठी फोन करून विचारायचं की क्रिओमध्ये शेवटचा कोणता भाग काढला, आणि आज समोर मशीन दिलं तर तो पुन्हा काढायला किती वेळ लागेल.