काचेवरचे बोलणे

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. लोणी देवकरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तो यंत्रावर काम करतो. फराळाची बशी पुढे ठेवली, पण स्वारीचे तिकडे लक्ष नव्हते. त्यांच्या कंपनीत नुकताच ‘टाउन हॉल’ झाला होता. हा शब्द ऐकून मला प्रथम नगरपालिकेची इमारत आठवली. चौकशी करता कळले की मालवाहू गाड्यांच्या आवारात मांडव घालून साहेबाने सर्व कामगारांशी मोकळेपणाने बोलावे, याला हल्ली टाउन हॉल म्हणतात. टाउनही नाही आणि हॉलही नाही, पण ते असो.

“सर, साहेब बोललेच नाहीत. नुसतं वाचलं त्यांनी,” तो म्हणाला. “आणि वाचताना घोटाळा केला.”

घोटाळा असा होता. साहेबांसमोर पुण्याहून भाड्याने आणलेली वाचनयंत्राची काच होती. काचेवर एक ओळ ‘कोणालाही कामावरून कमी करण्यात येणार’ इथे संपली आणि ‘नाही’ हा शब्द खालच्या ओळीत गेला. साहेबांनी ओळीच्या शेवटी श्वास घेतला. तेवढ्या श्वासात मांडवात जी कुजबुज उठली, तिच्यात ‘नाही’ बुडून गेले. संध्याकाळपर्यंत पळसदेवपासून इंदापूरपर्यंत बातमी पोचली की माणसे कमी होणार. ती निस्तरायला कंपनीला आठ दिवस लागले.

एक मराठीचा अध्यापक म्हणून मला या हकिकतीत भारीच गोडी वाटली. वर्गात वर्षानुवर्षे आपण सांगतो की मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. पण त्या एका नियमापायी चारशे माणसांची झोप उडू शकते, हे कोणत्याही व्याकरणात मी वाचले नव्हते. विद्यार्थ्याने ही गोष्ट कारखान्यात कोणाला तरी सांगितली असावी. कारण यंदा श्रावणात साहेबांचाच फोन आला, “सर, या वर्षीचं भाषण तुम्ही बघाल का?”

मी गेलो. साहेब कोल्हापूरकडचे, मनाने मोकळे आणि बोलण्यात तिखट. यंत्र मी प्रथमच जवळून पाहिले. त्यात जादू काही नाही. खाली एक पडदा आडवा ठेवलेला असतो आणि त्यावर अक्षरे उलटी, आरशातल्यासारखी उमटतात. वर पंचेचाळीस अंशांत तिरपी काच असते. ती निम्मीशिम्मी आरसा आणि बाकीची पारदर्शक, त्यामुळे बोलणाऱ्याला अक्षरे सुलट दिसतात आणि समोरच्यांना फक्त काच दिसते. व्यासपीठावर अशा दोन काचा लावतात, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. युक्ती मूळची नटांची आहे. १९५० च्या सुमारास अमेरिकेत रंगभूमीवरून दूरचित्रवाणीत आलेल्या फ्रेड बार्टन नावाच्या नटाला रोज नवे संवाद पाठ होईनात. तेव्हा ह्युबर्ट श्लाफ्ली या अभियंत्याने सुटकेसच्या अर्ध्या भागात कागदाची गुंडाळी बसवून ती मोटरीवर फिरवली. १९५२ साली माजी राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांनी शिकागोच्या पक्षअधिवेशनात ते यंत्र वापरले, आणि राजकारणी मंडळींना त्याची चटक लागली ती कायमची.

कार्यालयाने तयार केलेला मसुदा माझ्या हाती आला. यंदाची बातमी गंभीर होती आणि ती अशी लिहिली होती:

‘उत्पादन विभागातील दोन क्रमांकाच्या लाइनचे आधुनिकीकरण करण्यात येणार असल्याने सदर लाइनवर कार्यरत असलेल्या ६२ कर्मचाऱ्यांना चार महिन्यांच्या कालावधीकरिता अन्य विभागांत सामावून घेण्यात येणार असून कोणत्याही कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात येणार नाही.’

शब्द मोजले तर एकतीस भरतात. काचेवर एका ओळीत असे चारेक शब्दच बसतात, कारण ओळ लांब झाली की वाचणाऱ्याचे डोळे डावी-उजवीकडे फिरतात आणि समोरच्याला ते लगेच दिसते. म्हणजे हे वाक्य आठ ओळींचे झाले. काचेवर एका वेळी पाचच ओळी दिसत होत्या. वाक्य सुरू करताना ते कुठे जाऊन संपणार, होकारात की नकारात, हे साहेबांना दिसतच नव्हते! ज्याला वाक्याचा शेवट ठाऊक नाही तो त्याला चाल कशी लावणार? मग तो प्रत्येक शब्दावर सारखा जोर देतो आणि अर्थ संपतो तिथे थांबण्याऐवजी ओळ संपते तिथे थांबतो. वाचलेले भाषण ओळखायची हीच सर्वांत सोपी खूण आहे.

मी मसुदा बाजूला ठेवला आणि म्हटले, “साहेब, कागद नको. मी दोन नंबरच्या लाइनवरचा माणूस आहे असं समजा, आणि काय होणार आहे ते मला सांगा.” मोबाइलवर ध्वनिमुद्रण चालू केले. साहेब खुर्चीत रेलले आणि म्हणाले, “हे बघा, दोन नंबरची लाइन चार महिने बंद ठेवतोय आपण. नवी मशिनं येतायत. बासष्ट जण आहेत तिथं. बासष्टच्या बासष्ट कामावर राहणार, नोकरी जायची नाही कुणाची.”

झाले! भाषण तयारच होते, मला फक्त ते उतरवून घ्यायचे होते. यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. एक म्हणजे साहेबांनी आधी होकार सांगितला, ‘कामावर राहणार’, आणि नकार नंतर, तोही जोड म्हणून. श्वास कुठेही तुटला तरी बातमी उलटत नाही. दुसरी म्हणजे त्यांनी क्रियापद पुढे ओढले आणि ‘आपण’, ‘कुणाची’ हे शब्द त्याच्या मागे टाकले. लिहिताना असे आपण सहसा करत नाही, पण बोलताना घटकेघटकेला करतो. काचेवर मी ते असे मांडले:

दोन नंबरची लाइन
चार महिने बंद ठेवतोय आपण.
नवी मशिनं येतायत.

बासष्ट जण आहेत तिथं.
बासष्टच्या बासष्ट
कामावर राहणार.
नोकरी जायची नाही कुणाची.

ओळ तोडताना एक पथ्य पाळावे लागते. ‘कामगारांच्या’ एका ओळीत आणि ‘बरोबर’ दुसरीत, असे होता कामा नये. जे शब्द बोलताना एका दमात येतात, ते एका ओळीत राहायला हवेत. ‘नाही’ची ताटातूट तर मुळीच चालायची नाही.

इथे कार्यालयातल्या एका गृहस्थांनी हरकत घेतली. “सर, तुम्ही मराठीचे प्राध्यापक, आणि ‘ठेवतोय’, ‘येतायत’ असं अशुद्ध लिहिता?” त्यांची तक्रार मला समजत होती. मीही हा लेख ‘केले’, ‘म्हटले’ असाच लिहितो आहे. पण काचेवर ‘केले आहे’ लिहिले, की कोणीही ‘केले आहे’ असेच वाचतो, ‘आहे’वर ठसका देऊन. घरी आपण ‘केलंय’ म्हणतो. बोलण्यातला उच्चार अनुस्वार देऊन लिहायला शुद्धलेखनाच्या नियमांतही वाट आहे. आणि काच काही कोणी तपासायला घेणार नव्हते. आकड्यांचेही तसेच. मसुद्यात ‘रु. ३,४७,५०,०००’ असा यंत्रांचा खर्च होता. रंगीत तालमीत साहेब स्वल्पविराम मोजत थांबले आणि ‘सदतीस’ म्हणून गेले. मी ‘साडेतीन कोटींच्या आसपास’ असे अक्षरांत लिहिले. नेमका आकडा फलकावर लावावा, तो तिथे शोभतो.

साहेबांच्या गतीचाही हिशेब केला. खुर्चीत बसून ते बोलले तेव्हा मिनिटाला एकशेदहाच्या आसपास शब्द होत होते. तेव्हा आठ मिनिटांच्या भाषणाला नऊशेपेक्षा कमी शब्द हवेत. मसुदा सोळाशेचा होता.

खरी अडचण भत्त्याच्या वाक्यापाशी आली. मसुद्यात ‘भत्त्यांचे यथोचित समायोजन करण्यात येईल’ असे होते. मी विचारले, “साहेब, हे मला सांगा पाहू.” साहेब गप्प झाले. मग हळूच म्हणाले, “त्या चार महिन्यांत रात्रपाळी नाही. म्हणजे रात्रपाळीचा भत्ता नाही.” खोलीतल्या मंडळींना ते वाक्य नको होते. पण ‘यथोचित समायोजन’ हे बोलून दाखवता येण्यासारखे मराठीच नव्हे. साहेबांनी ते तीनदा म्हणून पाहिले आणि तिन्ही वेळा अडखळले. एकदा अडखळले तर ती जिभेची चूक, त्याच जागी दोनदा अडखळले तर मजकुराची. शेवटी साहेबच म्हणाले, “लिहा, सरळ लिहा.”

तालीम आदल्या दिवशी झाली, म्हणून निभावले. आमची फाइल जुन्या टंकातली होती, आणि पुण्याहून आलेल्या यंत्रचालकाच्या संगणकात तो टंक नव्हता. काचेवर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसू लागली. बिल क्लिंटन यांच्या काचेवर १९९३ च्या सप्टेंबरात चुकीचेच भाषण चढले होते आणि कित्येक मिनिटे त्यांना आठवणीवर बोलावे लागले होते. पण ते क्लिंटन! आम्ही रात्री बसून सगळा मजकूर युनिकोडात पुन्हा टंकलिखित केला. ओळींतले अंतरही वाढवले, कारण वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारात अडकत होता. मजकुरात मी कंसात ‘थांबा’ असे घातले होते, ते साहेबांनी मोठ्याने वाचले. हसून हसून पुरेवाट झाली. मग ‘थांबा’ काढून तिथे नुसती कोरी ओळ सोडली.

चालकाला एकच गोष्ट सांगितली: साहेबांनी तुमच्यामागे धावायचे नाही, तुम्ही त्यांच्यामागे चालायचे. वाचली जाणारी ओळ काचेच्या वरच्या तिसऱ्या भागात राहावी, साहेब मजकूर सोडून बोलू लागले तर मजकूर जागच्या जागी थांबवावा. त्यासाठी चालकाला मराठी चांगले कळायला हवे. सुदैवाने तो दौंडचा निघाला. डावीकडच्या काचेवरून उजवीकडे मान वळवायची ती वाक्य संपल्यावरच, हेही साहेबांकडून घोटून घेतले. नाहीतर माणूस टेनिसचा सामना पाहतो आहे असे दिसते.

सभा झाली तेव्हा मी मांडवात मागे उभा होतो. लाइनची बातमी शांतपणे ऐकली गेली. भत्त्याच्या वाक्यावर मात्र मागून आवाज आला, “मग आमचे हप्ते कसे भरायचे, साहेब?” काच थांबली. साहेब काचेच्या बाजूला सरकले आणि दोन मिनिटे आपल्या मनाने बोलले. उत्तर सगळ्यांना पटले असे म्हणता येणार नाही, पण मनुष्यबळ विभागात येऊन बसा, आगाऊ रकमेचे बघू, एवढे त्यांनी कबूल केले. मग काचेकडे पाहिले, आणि थांबलेली ओळ तिथेच होती.

संध्याकाळी माझा विद्यार्थी रस्त्यापर्यंत पोचवायला आला. मी विचारले, “काय रे, बोलले की वाचले?”

“बोलले, सर. फक्त एका ठिकाणी वाचलं. ते शेवटी ‘ऋणानुबंध’ का काय होतं ना, तिथं.”

तो शब्द मसुद्यातला नव्हता. साहेबांचाही नव्हता. तो मी घातला होता.