पाच बैल, दोन मेंढ्या, चार मॅट्रिक्स

पाच बैल आणि दोन मेंढ्यांची किंमत मिळून १० लिआंग सोने. दोन बैल आणि पाच मेंढ्यांची ८ लिआंग. तर एका बैलाची आणि एका मेंढीची किंमत किती? हे गणित ‘गणितकलेचे नऊ अध्याय’ या प्राचीन चिनी ग्रंथाच्या आठव्या अध्यायात आहे. लिआंग हे तिथले वजनाचे माप. हान राजवटीच्या काळात आकाराला आलेल्या या ग्रंथावर लिऊ हुई या गणितज्ञाने इ.स. २६३ मध्ये भाष्य लिहिले. उत्तरही ग्रंथातच दिले आहे: बैल १ पूर्णांक १३/२१ लिआंग, मेंढी २०/२१ लिआंग.

तिथले गणिती हे आकडे छोट्या काठ्यांनी पटावर मांडत. धन संख्येसाठी लाल काठ्या आणि ऋण संख्येसाठी काळ्या, असे लिऊ हुई सांगतो. मग एका समीकरणाला ठरावीक संख्येने गुणायचे आणि त्यातून दुसरे समीकरण पुन्हा पुन्हा वजा करायचे. एक अज्ञात नाहीसे झाले की उरलेल्याची किंमत हाती येते. आज बारावीचा विद्यार्थी ओळींवर ज्या क्रिया करतो, त्या नेमक्या याच. पण पटावरच्या काठ्या हलवल्या की आधीची मांडणी पुसली जाई. उत्तर उरे, वाट उरत नसे.

ही वाट जपून ठेवण्याचे साधन फार उशिरा आले. १८५८ मध्ये आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने मॅट्रिक्सच्या बीजगणितावर प्रबंध लिहिला आणि दोन मॅट्रिक्सचा गुणाकार कसा करायचा ते मांडले. त्या गुणाकारामुळे ‘पहिल्या ओळीतून दुसरीची दुप्पट वजा करा’ ही आज्ञा स्वतःच एक मॅट्रिक्स म्हणून लिहिता येते. अशा एका क्रियेच्या मॅट्रिक्सला एलिमेंटरी किंवा प्राथमिक मॅट्रिक्स म्हणतात.

हे कसे घडते, ते बैल-मेंढ्यांच्या गणितावरच पाहता येईल. किमती बाजूला ठेवून फक्त जनावरांच्या संख्या घेतल्या, तर ही मॅट्रिक्स मिळते:

```
A = [ ५  २ ]
    [ २  ५ ]
```

मॅट्रिक्स A ला डावीकडून E या मॅट्रिक्सने गुणले, तर गुणाकाराची प्रत्येक ओळ A च्या ओळींच्या मिश्रणातून तयार होते. कोणती ओळ किती घ्यायची, हे प्रमाण E च्या त्याच क्रमांकाच्या ओळीत लिहिलेले असते. E ची पहिली ओळ १, −२ असेल, तर तिचा अर्थ ‘A ची पहिली ओळ एकदा घ्या आणि दुसरी दोनदा वजा करा’ असा होतो. दुसरी ओळ ०, १ असेल, तर ‘दुसरी ओळ आहे तशी ठेवा’. सगळे रहस्य एवढेच आहे. E चे आकडे आज्ञेसारखे वाचता आले की डावीकडचा गुणाकार पाठ करावा लागत नाही.

E शोधण्यासाठीही वेगळा विचार करावा लागत नाही. हवी ती क्रिया एकक मॅट्रिक्सवर, म्हणजे कर्णावर १ आणि इतरत्र ० असलेल्या मॅट्रिक्सवर करायची. जे मिळेल तेच E. कारण E ने एकक मॅट्रिक्सला गुणले तर उत्तर E च येते, आणि डावीकडून गुणणे म्हणजे ती क्रिया करणे.

आता A ला एकक मॅट्रिक्सपर्यंत न्यायचे आहे. अपूर्णांक शक्य तितके लांब ठेवायचे, तर आधी पहिल्या ओळीतून दुसरीची दुप्पट वजा करावी. पहिली ओळ १, −८ होते. मग दुसऱ्या ओळीतून नव्या पहिल्या ओळीची दुप्पट वजा करावी. दुसरी ओळ ०, २१ होते. तिला २१ ने भागले की ०, १ मिळतात. शेवटी पहिल्या ओळीत दुसरीची आठपट मिळवली की −८ जातो आणि एकक मॅट्रिक्स उरते. या चार क्रियांच्या चार मॅट्रिक्स अशा:

```
E₁ = [ १  −२ ]     E₂ = [  १  ० ]
     [ ०   १ ]          [ −२  १ ]

E₃ = [ १    ०   ]  E₄ = [ १  ८ ]
     [ ०   १/२१ ]       [ ०  १ ]
```

पहिली क्रिया A ला चिकटून बसते, दुसरी तिच्या डावीकडे, तिसरी आणखी डावीकडे. म्हणून पूर्ण हकिकत `E₄E₃E₂E₁A = I` अशी लिहिली जाते. काळाचा क्रम उजवीकडून डावीकडे वाचायचा असतो, आणि गोंधळ बहुतेकदा इथेच होतो.

ओळींवरची प्रत्येक क्रिया परत फिरवता येते, हा या विषयाचा कणा आहे. दुप्पट वजा केली असेल तर दुप्पट मिळवायची, २१ ने भागले असेल तर २१ ने गुणायचे, ओळींची अदलाबदल केली असेल तर तीच पुन्हा करायची. म्हणजे प्रत्येक E ची व्यस्त मॅट्रिक्स फक्त पाहून लिहिता येते, आणि तीही प्राथमिकच असते. वरच्या समीकरणातून A एकटी करायची, तर सर्वांत डावीकडची E₄ आधी काढावी लागते, मग E₃, मग E₂, शेवटी E₁. म्हणून व्यस्तांचा क्रम उलटतो आणि `A = E₁⁻¹E₂⁻¹E₃⁻¹E₄⁻¹` असे मिळते. आकड्यांत:

```
[ ५ २ ]   [ १ २ ] [ १ ० ] [ १  ० ] [ १ −८ ]
[ २ ५ ] = [ ० १ ] [ २ १ ] [ ० २१ ] [ ०  १ ]
```

उजवीकडून सुरुवात करून ताळा घेता येतो. शेवटच्या दोन मॅट्रिक्सचा गुणाकार १, −८ आणि ०, २१ अशा ओळी देतो. त्याच्या डावीकडची मॅट्रिक्स दुसऱ्या ओळीत पहिलीची दुप्पट मिळवते, तेव्हा ती २, ५ होते. सर्वांत डावीकडची मॅट्रिक्स पहिल्या ओळीत दुसरीची दुप्पट मिळवते, तेव्हा ती ५, २ होते. जनावरे जागेवर परतली.

दुसरा, झटपट ताळा निश्चयकाचा. एका ओळीची पट दुसरीत मिळवणाऱ्या किंवा वजा करणाऱ्या मॅट्रिक्सचा निश्चयक १ असतो, ओळ एखाद्या संख्येने गुणणारीचा तीच संख्या, अदलाबदल करणारीचा −१. वरच्या चौघींचे निश्चयक १, १, २१, १. गुणाकार २१, आणि A चा निश्चयक २५ वजा ४, म्हणजे २१ च. मूळ उत्तरांच्या छेदातला २१ इथून आला. निश्चयक जुळला म्हणून उत्तर बरोबरच, असे मात्र नाही. तो जुळला नाही, तर चूक नक्की आहे.

महाराष्ट्र बोर्डाच्या बारावीच्या गणितात व्यस्त मॅट्रिक्स काढताना ओळींवर क्रिया करायच्या असतील तर सुरुवात `AA⁻¹ = I` अशी करतात. विद्यार्थी हे पाठ करतात, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते आणि ते सांगायलाच हवे. ओळीची क्रिया म्हणजे डावीकडून गुणाकार. म्हणून समीकरणाच्या दोन्ही बाजूंना E डावीकडे बसते. एका बाजूला ती थेट A ला भिडते आणि दुसऱ्या बाजूला I ला. A ची I झाली की पहिल्या बाजूला फक्त A⁻¹ उरते, आणि दुसऱ्या बाजूला I ची झालेली असते `E₄E₃E₂E₁`. स्तंभांवरच्या क्रिया उजवीकडून गुणतात, म्हणून तिथे `A⁻¹A = I` लिहितात. एकाच उदाहरणात मध्येच ओळ सोडून स्तंभाकडे वळले, तर उजवीकडची मॅट्रिक्स A पर्यंत पोहोचूच शकत नाही, कारण वाटेत A⁻¹ उभी असते. बैल-मेंढ्यांसाठी हा गुणाकार केला की A⁻¹ च्या ओळी ५/२१, −२/२१ आणि −२/२१, ५/२१ येतात. तिने १० आणि ८ या किमतींना गुणले की ३४/२१ आणि २०/२१ मिळतात. ३४/२१ म्हणजेच १ पूर्णांक १३/२१.

आणखी एक चूक वह्यांमध्ये वारंवार दिसते, आणि ती गंभीर आहे. वेळ वाचवायला विद्यार्थी एकाच पायरीत ‘पहिलीत दुसरी मिळवा, दुसरीत पहिली मिळवा’ असे लिहितो आणि दोन्ही वेळा जुन्याच ओळी वापरतो. A च्या दोन्ही ओळी ७, ७ होतात. दोन समीकरणांचे एकच झाले, आणि बैलाची किंमत कायमची हरवली. या आज्ञेची मॅट्रिक्स लिहिली तर चारही जागी १ येतो आणि निश्चयक शून्य. म्हणजे ती प्राथमिक नाहीच, दोन प्राथमिकांचा गुणाकारही नाही. आधी पहिली ओळ बदलून मग ती नवी ओळ दुसरीत मिळवली, तर १, १ आणि १, २ अशा ओळींची मॅट्रिक्स मिळते. तिचा निश्चयक १ आहे आणि काहीच हरवत नाही.

सगळ्याच मॅट्रिक्सचे असे अवयव पडत नाहीत. दुसरे समीकरण दहा बैल आणि चार मेंढ्यांचे असते, तर पहिल्याची दुप्पट वजा करताच दुसरी ओळ ०, ० झाली असती. शून्यांच्या ओळीला कशानेही गुणले तरी कर्णावर १ येत नाही. व्यस्त नसलेली मॅट्रिक्स ओळखू येते ती इथेच, प्रवास अर्ध्यावर अडतो तेव्हा.

आणि अवयव पडतात तेव्हा ते एकाच तऱ्हेने पडतात असेही नाही. १२ चे मूळ अवयव कोणीही काढले तरी २, २ आणि ३ च येतात, पण इथे वाट बदलली की अवयव बदलतात. A मध्ये दुसऱ्या ओळीतून पहिलीचा २/५ भाग आधी वजा केला, तर थोडे अपूर्णांक सोसावे लागतात. पण त्या बदल्यात अवयवांचे दोन गट पडतात:

```
[ ५ २ ]   [  १   ० ] [ ५   २   ]
[ २ ५ ] = [ २/५  १ ] [ ०  २१/५ ]
```

डावीकडच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाच्या वर शून्य आहे, उजवीकडच्या मॅट्रिक्समध्ये कर्णाच्या खाली. अ‍ॅलन ट्युरिंगने १९४८ मध्ये मॅट्रिक्सच्या आकडेमोडीत साचत जाणाऱ्या चुकांवर लिहिलेल्या निबंधात अशाच त्रिकोणी अवयवांच्या भाषेत ही जुनी रीत मांडली. संगणक मोठ्या समीकरणसंचांसाठी बहुधा हीच वाट धरतो. प्रत्येक प्राथमिक मॅट्रिक्स तो वेगळी साठवत नाही, कारण तिच्यात नवी माहिती एकाच आकड्याची असते. वजाबाकीने जिथे शून्य तयार झाले, त्या रिकाम्या जागेतच तो २/५ लिहून ठेवतो. पुढे किमती बदलल्या, तर तेवढ्या नोंदीवरून नव्या किमतींवर त्याच क्रिया करतो आणि A ला पुन्हा हात लावत नाही.