दोनशे चाळीस तासांचा ब्लाउज

तालुक्याच्या गावातल्या कौशल्य केंद्रात बाई शिवणक्लासची चौकशी करायला येते, तेव्हा तिचे प्रश्न तीनच असतात. किती दिवस, किती फी आणि शेवटी मला ब्लाउज येईल का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे माहितीपत्रकात असतात. तिसऱ्याचे उत्तर अभ्यासक्रमाच्या दस्तऐवजात असायला हवे. तो मात्र संचालकांच्या कपाटात फाइल होऊन पडलेला असतो, आणि तिथेही बहुधा तो तपासणीपुरताच उघडला जातो.

हा दस्तऐवज दिसायला साधा असतो. सुरुवातीला अध्ययन निष्पत्ती, म्हणजे अभ्यासक्रम संपल्यावर प्रशिक्षणार्थीला काय करता येईल त्याची यादी. मग घटक, प्रत्येक घटकाचे तास आणि मूल्यमापनाचा तक्ता. देशात अशा अभ्यासक्रमांना २०१३ साली अधिसूचित झालेल्या राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्याची चौकट आहे. तिची देखरेख करणारी राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद २०१८च्या अधिसूचनेने आली. २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने हिशेब आणखी सोपा केला: ३० तासांच्या शिक्षणाला एक श्रेयांक. म्हणजे २४० तासांच्या अभ्यासक्रमाला आठ श्रेयांक. रोज चार तास, आठवड्याला सहा दिवस धरले तर हे दहा आठवड्यांत बसते.

लेखापुरता असाच एक २४० तासांचा ‘ब्लाउज शिवणकाम’ अभ्यासक्रम मांडू. यंत्राची ओळख आणि सरळ शिलाई ४० तास, मापे आणि कागदी पॅटर्न ५०, कापड कापून साधा ब्लाउज शिवणे ८०, दुरुस्ती आणि अल्टरेशन २०, दर व हिशेब २०, रोजगारक्षमता कौशल्ये ३०. कागदावर बेरीज जुळते. पण बेरीज चुकलेली अशी फाइल कुणी पाहिलीय?

आता पहिली निष्पत्ती वाचू. अशा यादीत हमखास भेटणारे वाक्य असते, ‘प्रशिक्षणार्थीस ब्लाउज शिवण्याचे ज्ञान होईल.’ या वाक्यात खोटे काही नाही आणि तपासता येईल असेही काही नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली एक छोटेखानी पुस्तक लिहून या रोगावर औषध सुचवले. उद्दिष्टात तीन गोष्टी हव्यात: माणूस नेमके काय करेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती बरोबर आले म्हणजे चालेल. या कसोटीवर तेच वाक्य असे होईल: ‘समोरच्या व्यक्तीच्या अंगावरून स्वतः मापे घेऊन, ८० सेंटिमीटरच्या सुती ब्लाउजपीसमधून, कुणाची मदत न घेता बाह्यांसह साधा ब्लाउज शिवेल, तयार ब्लाउजची छाती आणि कंबर कागदी पॅटर्नपेक्षा पाव इंचाहून जास्त हटणार नाही आणि बाहीच्या गोलाला चुण्या नसतील.’

वाक्य लांबले, वाचायला कंटाळवाणे झाले. पण पहिल्या वाक्याला कुणीही नापास होऊ शकत नाही, दुसऱ्याला होऊ शकते.

बाहीचा उल्लेख मुद्दाम केला, कारण ब्लाउजमध्ये शिकणारी अडखळते ती तिथेच. मुंढ्याचा घेर १६ इंच असेल तर बाहीचा गोल त्याहून थोडा जास्त ठेवतात, समजा साडेसोळा. हा अर्धा इंच शिवताना वरच्या भागात हलक्या हाताने पसरवून मुरवायचा असतो. एकाच जागी मुरवला तर खांद्यावर चुणी येते. घेर मोजायचेच विसरले आणि बाही कमी पडली, तर ती ओढून बसवावी लागते आणि हात वर केला की अख्खा ब्लाउज वर चढतो. शिवाय बाहीचा पुढचा भाग मागच्यापेक्षा जास्त खोल कापतात. कापड दुहेरी न घालता दोन्ही बाह्या एकामागून एक कापल्या, तर दोन्ही एकाच हाताच्या निघतात. टेबलावर ठेवल्यावर हे लक्षात येत नाही. ब्लाउज अंगात घातल्यावर एका बगलेत कापड गोळा होते, तेव्हा कळते.

ही बारीकसारीक माहिती दस्तऐवजात कोण घालणार? कॅनडात १९६०च्या दशकाच्या शेवटी ‘डॅकम’ नावाची पद्धत निघाली, तिचे उत्तर सरळ होते. ते काम उत्तम करणाऱ्या पाच ते बारा जणांना दोन दिवस एका खोलीत बसवायचे आणि तुम्ही नक्की काय काय करता, ते भिंतीवर कागद चिकटवत त्यांच्याकडून वदवून घ्यायचे. शिक्षकाला त्या खोलीत फार बोलू द्यायचे नाही. आपल्याकडे असा दस्तऐवज करताना अनुभवी टेलरमास्तरांना बोलावले तर पहिल्या तासातच ‘मुंढा मोजल्याशिवाय बाही कापू नये’ हे वाक्य बाहेर पडेल. इंटरनेटवरून उतरवलेल्या अभ्यासक्रमात ते सापडत नाही.

मात्र तपशील वाढवायलाही मर्यादा आहे. ब्रिटनने १९८६पासून राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता आणल्या आणि प्रत्येक कामाचे निकष तुकड्यातुकड्यांत लिहायला घेतले. आपल्या आजच्या व्यवसाय मानकांच्या रचनेत ती वळणे ओळखू येतात. अ‍ॅलिसन वुल्फ या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञांनी १९९५च्या आपल्या पुस्तकात या खटाटोपावर टीका केली. त्यांचा रोख असा की, निकष कितीही स्पष्ट केला तरी त्याचा अर्थ लावायला आणखी स्पष्टीकरण लागते आणि ही साखळी संपत नाही. ‘चुण्या नसतील’ लिहिले की ‘चुणी कशाला म्हणायचे’ हा प्रश्न येतोच. माझ्या मते यावर आणखी चार ओळी लिहिण्यापेक्षा दस्तऐवजासोबत तीन नमुना ब्लाउज ठेवावेत: एक पास, एक नापास, एक काठावरचा. परीक्षकाने आधी ते हातात घेऊन पाहावेत.

निष्पत्ती चांगल्या लिहिल्या तरी अभ्यासक्रम बुडतो तो तासांत. आपल्या २४० तासांपैकी यंत्रावरचे घटक पाहा: ४०, ८० आणि २०, मिळून १४०. त्यातले २० तास समजावण्यात आणि प्रात्यक्षिक दाखवण्यात जातील असे धरू, म्हणजे यंत्रावरचे १२० तास उरले. पण हे तास वर्गाचे आहेत, बाईचे नव्हेत. २४ प्रशिक्षणार्थी आणि १२ यंत्रे असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला ६० तास येतात. पायाची आणि हाताची सांगड बसेपर्यंत चिंध्यांवर सरळ रेषा, वळण, कोपरे शिवण्यात त्यातले १२ जातात. उरले ४८. नवशिकीला एका ब्लाउजसाठी यंत्रावर सरासरी पाच तास धरले, तर नऊ ब्लाउज होतात आणि थोडा वेळ उसवण्याला उरतो. नवव्या ब्लाउजपर्यंत बाही हाताखाली येऊ शकते.

आता तोच दस्तऐवज दुसऱ्या केंद्रात नेऊ. तिथे ३० प्रशिक्षणार्थी आहेत आणि चालू यंत्रे आठ. १२० तासांना आठने गुणून ३०ने भागले की हातात ३२ तास येतात. सरावाचे १२ वजा केले की २०, म्हणजे चार ब्लाउज. कागदावर दोन्ही केंद्रांत २४० तास, आठ श्रेयांक आणि एकच प्रमाणपत्र. एका बाईने नऊ ब्लाउज शिवले, दुसरीने चार. म्हणून तासांच्या रकान्याशेजारी ‘एका यंत्रामागे किती जणी’ असा रकाना हवा, आणि त्याहून बरे म्हणजे ‘प्रत्येकीने किमान किती नग पूर्ण करावेत’ हे लिहावे. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याला हजेरीपटापेक्षा शिवलेल्या ब्लाउजची थप्पी लवकर समजते.

चालू यंत्रे असे म्हटले, कारण यंत्रे बारा असणे आणि बारा चालणे यात फरक असतो. वरच्या दोऱ्याचा ताण जास्त झाला की बॉबिनचा दोरा शिलाईच्या वरच्या बाजूला टिपक्यांसारखा दिसतो, आणि कमी झाला की खाली फास लोंबतात. ही दुरुस्ती मिनिटाची आहे. पण पहिल्या घटकात ती शिकवली नसेल तर ‘यंत्र बिघडले’ म्हणून ते कोपऱ्यात जाते आणि मेकॅनिकची वाट पाहिली जाते. यंत्राच्या घटकात ‘भागांची नावे सांगेल’ ही निष्पत्ती काढून ‘ताण बिघडवून दिलेले यंत्र पाच मिनिटांत दुरुस्त करेल’ ही घातली, तर वर्गाचे तास वाचतात.

मूल्यमापनाकडे येऊ. नवी शिकलेली बाई कापण्यापासून हुकांपर्यंत पूर्ण ब्लाउज एका दिवसात शिवेलही, पण १२ यंत्रांवर २४ जणींची तशी परीक्षा एका दिवसात होत नाही. मग परीक्षक रुमाल शिवायला सांगतो, किंवा सगळे तोंडी विचारतो, आणि पुढची कागदपत्रे भरतो. इथे दोष परीक्षकाचा कमी आणि तक्ता आखणाऱ्याचा जास्त. वेळ मोजून असे करता येते: कापलेला पुढा-पाठ आणि बाही तयार द्यावी, आणि ४५ मिनिटांत फक्त एक बाही बसवायला सांगावी. १२-१२च्या दोन तुकड्यांचा दीड तास. मग प्रत्येकीशी दहा मिनिटे तिच्या थप्पीतला एक ब्लाउज हातात घेऊन बोलणे, ‘ही चुणी का आली?’ असे विचारणे. २४ जणींचे चार तास. साडेपाच तासांत दिवस संपतो आणि ब्लाउजच्या सर्वांत अवघड जागेची परीक्षा झालेली असते.

गुण देण्यातही एक फट असते. समजा लेखी २०, तोंडी २० आणि प्रात्यक्षिक ६०. प्रात्यक्षिकात बाहीला २०, आणि मापे, पॅटर्न, शिलाईची सफाई आणि वेळ-नीटनेटकेपणा या चारांना दहा-दहा. उत्तीर्ण होण्यासाठी ७० हवेत. एक हुशार मुलगी लेखीत १८ आणि तोंडीत १७ मिळवते. मापे, पॅटर्न, सफाई, वेळ यांत प्रत्येकी नऊ. बाही मात्र पूर्ण फसली आणि २० पैकी चारच मिळाले. बेरीज ७५, मुलगी उत्तीर्ण. तिने शिवलेला ब्लाउज कुणालाही घालता येणार नाही आणि तिच्या प्रमाणपत्रावर ‘ब्लाउज शिवणकाम’ लिहिलेले असेल. यावर उपाय एका ओळीचा आहे: बाहीत किमान १२ गुण मिळाल्याखेरीज एकूण गुण धरू नयेत. ही ओळ नसलेला तक्ता कितीही नेटका असो, मी तो परत पाठवेन.

दस्तऐवजात सहसा न सापडणारी एक नोंद म्हणजे अभ्यासक्रमात काय नाही. या २४० तासांत कटोरी ब्लाउज नाही, अस्तराचा नाही, पैठणीच्या काठाची जुळवणी नाही. हे पहिल्याच पानावर लिहिले तर चौकशीला आलेल्या बाईच्या तिसऱ्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर मिळते: साधा येईल, कटोरी नाही.

आणि जिला आधीच येतो तिचे काय? सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत शिंपीकाम आहे आणि तिथले मूलभूत प्रशिक्षण पाच ते सात दिवसांचे आहे, कारण येणारा माणूस कारागीर आहे हे गृहीत धरलेले आहे. घरी पंधरा वर्षे ब्लाउज शिवणाऱ्या बाईला आपल्या २४० तासांत पहिल्या दिवसापासून बसवणे म्हणजे तिचा आणि यंत्राचा वेळ वाया घालवणे. तिला आधी परीक्षेला बसवावे. बाही ती बहुधा पंधरा मिनिटांत बसवेल. अडेल ती अंगावरून मापे घेताना, कारण इतकी वर्षे गिऱ्हाइकाने आणलेल्या मापाच्या ब्लाउजवरच तिचे काम चालले आहे, आणि मुंढ्याचा घेर कागदावर कसा काढायचा हे तिला कुणी दाखवलेले नाही. तिच्यासाठी पन्नास तासांचा दुसरा घटक, तेवढाच.