परवानगी मागितली, म्हणून हक्क नाही

बैहरला सुट्टीत गेलो की भाचीची तोंडी परीक्षा घेणं माझ्याकडे येतं. ती कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, मी कायदा शिकवतो. यंदाचा प्रश्न होता, आंतरराष्ट्रीय रूढी-कायदा तयार कसा होतो?

"मामा, सगळे देश बरीच वर्षं एकसारखे वागले, की झाला कायदा."

या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. दोन्ही दूर करायला मी दादरा-नगर हवेलीचा खटला घेतला, कारण त्याचं मूळ पेशवाईत आहे. मराठ्यांनी 1783 आणि 1785 मध्ये पोर्तुगीजांना तिथल्या गावांचा महसूल दिला. पुढे इंग्रज आले आणि त्यांनी तिथली पोर्तुगीज सत्ता मान्य केली. पण दमणहून तिथे जायचं तर वाट परक्या मुलखातून. 1954 मध्ये भारताने ती बंद केली आणि पोर्तुगाल हेगच्या न्यायालयात गेला. निकाल 12 एप्रिल 1960 ला लागला.

भारताचं म्हणणं होतं की फक्त दोन देशांत रूढी होऊच शकत नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. सव्वाशे वर्षं सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल बिनतक्रार ये-जा करत होते आणि दोन्ही बाजू हा नियमच समजत होत्या. म्हणून तेवढ्यापुरता हक्क सिद्ध झाला. सगळं जग लागतं, हा गैरसमज इथे संपतो.

"मग सैन्यालाही हक्क मिळाला असेल."

नाही मिळाला. 1878 च्या करारानुसार सशस्त्र तुकड्यांना आधी परवानगी मागावी लागे.

"पण परवानगी मिळतच होती ना?"

मिळणं हा झाला व्यवहार. प्रश्न असा, की मागणारा काय समजून मागत होता? ज्याचा हक्क आहे तो मागत नाही. कायद्याने बांधील आहोत या जाणिवेला ऑपिनिओ ज्युरिस म्हणतात, आणि ती नुसत्या वारंवारितेतून निघत नाही.

मी थांबलो नाही. "पोर्तुगालने तर दाखवलं, की 1880 ते 1889 मध्ये 23 वेळा त्यांचं सैन्य विनापरवाना गेलं. हा व्यवहार नाही का?"

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "समोरच्याने काय केलं, ते बघावं लागेल."

बरोबर. मुंबई सरकारने 1890 मध्ये तक्रार केली. त्यावर पोर्तुगीज भारताच्या गव्हर्नर जनरलने 22 डिसेंबरला कळवलं, की आमचं सैन्य पूर्वपरवानगीशिवाय ब्रिटिश हद्दीतून कधीच जात नाही. तेविसांपैकी एकही फेरी हक्क म्हणून केली, असं म्हणायची सोय या उत्तराने उरली नाही. तरी सैन्याच्या मुद्द्यावर न्यायाधीश 8 विरुद्ध 7 असे विभागले गेले.

"म्हणजे माणसांची वाट अडवून भारत चुकला?"

तेही नाही. ये-जा भारताच्या नियंत्रणाखालीच होती आणि जुलै 1954 मध्ये दादरा पडल्यावर तणाव होता. त्या परिस्थितीत वाट रोखणं 9 विरुद्ध 6 मतांनी योग्य ठरलं.