हद्द आधी, पत्ता नंतर

इंटेलच्या 1978 च्या 8086 प्रोसेसरमध्ये मेमरीचे सेगमेंट, म्हणजे विभाग, होते. पण त्यांना कुंपण नव्हतं. एखादा प्रोग्राम बेधडक दुसऱ्याच्या डेटावर लिहू शके. 1982 च्या 80286 ने संरक्षित पद्धतीत ते कुंपण घातलं.

त्यासाठी सेगमेंट टेबल असतं. प्रत्येक ओळीत दोन मुख्य आकडे: बेस, म्हणजे विभाग मेमरीत कुठे सुरू होतो, आणि लिमिट, म्हणजे तो किती लांब आहे. समजा, 1 क्रमांकाच्या विभागाचा बेस 6200 आणि लिमिट 800 आहे. प्रोग्रामने त्या विभागातला 350 वा बाइट मागितला. हार्डवेअर आधी विचारतं, 350 हे 800 पेक्षा कमी आहे का? आहे. मग बेरीज:

```
6200 + 350 = 6550
```

हाच प्रत्यक्ष पत्ता.

मागणी 800 ची असती तर? मोजणी शून्यापासून, म्हणून शेवटचा बाइट 799. बेरीज होतच नाही. प्रोसेसर काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टिमला हाक मारतो. (80286 मात्र लिमिट म्हणून शेवटचा वैध क्रमांक, इथे 799, नोंदवतो. गफलत हमखास इथेच!)

लिनक्सवर आज दिसणारा `Segmentation fault` बहुधा पेजिंगच्या तपासणीतून येतो. नाव तेवढं जुनं उरलं आहे.