जुन्या सोबतिणीकडे ओळख मागायची आहे, पण सात वर्षं बोलणं नाही

बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न आम्हाला परत परत ऐकू येतो. "पूर्वी माझ्यासोबत कामाला असलेली बाई आता चांगल्या ठिकाणी आहे. तिच्या ओळखीने आमचं काम होईल. पण इतकी वर्षं फोन नाही केला, आता कोणत्या तोंडाने करू?" आज आम्ही एवढ्याच गोष्टीवर बोलणार आहोत.

एक उदाहरण घेऊ. समजा, तलासरी तालुक्यातल्या पाड्यावरची एक बाई डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात पॅकिंगला जात होती. तिच्या शेजारी एक ताई बसायची, वयाने थोडी मोठी. चार वर्षं दोघींनी एका टेबलावर फुगे मोजून पाकिटं भरली, एकमेकींच्या डब्यातली भाजी खाल्ली. मग हिला दुसरं मूल झालं आणि काम सुटलं. ताई बोर्डीला एका राहण्या-जेवणाच्या घरात कामाला लागली. मुंबईचे पाहुणे तिथे सुट्टीला येतात, आणि आज स्वयंपाक आणि खोल्या सगळं ताईच बघते. इकडे हिचा गट कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढतो. पाहुण्यांना विकायला त्या घरात पिशव्या ठेवता आल्या तर बरं, म्हणजे मालकिणीशी ओळख हवी. मधे सात वर्षं गेली.

अशा वेळी घरची आणि पाड्यावरची माणसं फारशी उपयोगी पडत नाहीत, कारण आपल्याला जे माहीत असतं तेच त्यांनाही माहीत असतं. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना विचारलं होतं की, ज्याने तुम्हाला सांगितलं तो तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारा माणूस शंभरात साधारण 17 जणांच्याच बाबतीत होता. बाकीच्यांना अधूनमधून, नाहीतर क्वचित भेटणाऱ्याकडून कळलं होतं. त्यांचा या विषयावरचा निबंध 1973 सालचा आहे. बोर्डीच्या ताईचंही तसंच आहे. ती दुसऱ्या गावात, दुसऱ्या कामात गेली, म्हणून तर तिला त्या मालकिणीचं दार माहीत आहे.

मग सरळ फोन करून मागून का टाकू नये? ताईच्या बाजूने बघा. ती मालकिणीला म्हणेल, "ही माझ्या ओळखीची, काम चांगलं करते." उद्या पिशव्यांचा रंग निघाला किंवा माल वेळेवर पोचला नाही तर बोलणी ताईला बसतील, आणि तिला तर तिथे रोज कामाला जायचं आहे. आपण सात वर्षांपूर्वी कशा होतो ते तिला माहीत आहे. आज कशा आहोत ते माहीत नाही. आधी गाठ घालायची ती यासाठी, की तिला आपल्याला नव्याने बघता यावं आणि तिचा तिला निर्णय करता यावा.

पहिला फोन कधी करायचा? शुक्रवार संध्याकाळ ते रविवार नको, तेव्हा पाहुण्यांची गर्दी. लावणीच्या दिवसांत घरचं शेत असलेल्या बाईला उसंत नसते. मंगळवार-बुधवारची दुपार बरी. जुना नंबर लागत नसेल तर कारखान्यातल्या तिसऱ्या सोबतिणीकडे विचारा, पण नंबर घेण्याआधी तिला म्हणा, "ताईला विचार, देऊ का म्हणून." अनोळखी नंबर आजकाल कोणी उचलत नाही, म्हणून आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या आवाजात निरोप ठेवा. लिहायचा कंटाळा असेल त्यांनाही हे सोपं:

"ताई, मी बोलते, पॅकिंगला तुझ्या शेजारी खिडकीकडे बसायची ती. खूप वर्षं झाली. मूल झालं, काम सुटलं, मग फोन राहूनच गेला. तू बोर्डीला आहेस असं कळलं. तुला वेळ असेल तेव्हा बोलू."

न बोलल्याची सफाई एवढीच पुरे. लांबलचक माफी मागितली की समोरचीला आपली समजूत काढत बसावं लागतं. आणि एक जुनी खूण जरूर सांगा, टेबल, खिडकी, डब्यातली भाजी, काहीही. त्यावरून माणूस लगेच ओळख पटवतो.

आता आमचं एक मत, सगळ्यांना पटेल असं नाही. महिनाभर गोड बोलायचं आणि मग हळूच काम काढायचं, हे आम्हाला आवडत नाही. बायांना ते कळतं, आणि मागचं सगळं बोलणंही खोटं वाटायला लागतं. तिने पहिल्याच फोनवर विचारलं, "काय गं, काही काम होतं का?" तर "नाही, सहजच" म्हणू नका. म्हणा, "आमच्या गटाच्या पिशव्यांचं तुझ्याशी बोलायचं आहे, पण घाई नाही. आधी तुझी खबर सांग." आणि मग खरंच तिची खबर ऐका.

शक्य असेल तर दुसरी गाठ समोरासमोर घ्या. डहाणूजवळ महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेपासून पंधरा दिवस असते, तिथे बहुतेक सगळ्याच येतात. नाहीतर तिला सोयीचं असेल तेव्हा घोलवड स्टेशनवर भेटा. दोन पिशव्या सोबत न्या, एक कोरी करकरीत आणि एक तीन-चार वेळा धुतलेली. धुतलेलीवर चित्र टिकलं आहे हे तिने हाताने बघितलं की आपल्याला फार बोलावं लागत नाही.

मग विचारा, आणि असं विचारा की तिला नाही म्हणता येईल: "मालकिणीला एकदा विचारून बघशील का? तुला अडचण होत असेल तर नको, तसं सांग." मालकिणीचा नंबर मागू नका. ताई आधी तिला विचारेल, ती हो म्हणाली तर नंबर मिळेल. ताईला पुढे पाठवायला सोपा असा छोटा निरोप आणि दोन फोटो तयार ठेवा. गट कुठला, पिशवी केवढ्याची, महिन्याला किती देता येतील, न विकलेल्या परत घेणार का, एवढंच त्यात असावं. गट महिन्याला 40 पिशव्या करत असेल तर 25 सांगा. लग्नसराईत आणि शेतीच्या दिवसांत हात कमी पडतातच.

"बघते" म्हणून ती गप्प झाली तर? दहा-बारा दिवसांनी एकदा विचारा. तरीही उत्तर टाळलं तर ते "नाही" समजा आणि विषय सोडा. कदाचित तिचंच मालकिणीशी बिनसलं असेल, आणि ते ती आपल्याला का सांगेल?

एका प्रसंगात मात्र यातलं काहीच चालत नाही. मधली शांतता नुसती विसरल्याची नसून उसने पैसे राहिल्याची किंवा भांडणाची असेल, तर आधी पैसे परत करा किंवा भांडणाचं बोला, आणि त्या भेटीत कामाचा शब्द काढू नका. पाचशे रुपये सात वर्षांनीही लक्षात असतात. हातात ओळखीची गरज आणि डोक्यावर उधारी असेल तर दुसरा रस्ता शोधलेला बरा, गटाच्या प्रभाग संघाचा, नाहीतर जत्रेतल्या स्टॉलचा.

मालकिणीशी बोलणं झालं की त्याच दिवशी ताईला कळवा, होकार असो वा नकार. तिला मालकिणीच्या तोंडून आधी कळलं तर वाईट वाटतं. पहिल्या खेपेचा माल पोचला की पुन्हा फोन करा आणि विचारा, "मालकीण काही बोलली का?" तक्रार असेल तर ती आपल्याला ताईकडूनच लवकर कळेल, आणि पुढच्या खेपेआधी शिलाई किंवा रंग दुरुस्त करता येईल.