जिन्याजवळचं बिऱ्हाड

दुसऱ्या महायुद्धानंतर शिकायला आलेल्या विवाहित विद्यार्थ्यांसाठी अमेरिकेतल्या एमआयटीने वेस्टगेट नावाची वसाहत उभारली. घर निवडायची मुभा जवळपास नव्हतीच. जे रिकामं होईल ते मिळायचं. लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तिथल्या बिऱ्हाडांना विचारलं, तुमचं जाणं-येणं सगळ्यात जास्त कोणाकडे? १९५० साली छापलेली उत्तरं अशी होती: एकाच मजल्यावर लगतच्या दाराचं नाव घेण्याचं प्रमाण ४१ टक्के, तर मजल्याच्या दुसऱ्या टोकाचं अवघं १० टक्के. मधे असायची फक्त तीन दारं. तळमजल्यावर जिन्याजवळ राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावर जास्त ओळख होती, कारण वरचे लोक रोज त्यांच्या दारावरून जात. चाळीच्या गॅलरीत वाढलेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

जिना भेटी घडवतो. पुढे मात्र वेळ लागतो. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या गावी राहायला आलेल्या प्रौढांचा अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाने ओळखीतून साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात आणि जिवलग मैत्रीला २०० हून अधिक. ऑफिसात शेजारी बसून काम केलेले तास यात फारसे कामी येत नाहीत. हिशेब मांडून पाहा. कॉलेजच्या कट्ट्यावर रोज तीन तास बसणारी मुलं दहा आठवड्यांत २०० तास गाठतात. चाळिशीतले दोघं महिन्यातून एकदा दोन तास भेटले, तर तेवढ्यालाच आठ वर्षांहून जास्त लागतील. मोठेपणी मित्र जुळत नाहीत म्हणून स्वतःच्या स्वभावाला दोष देणाऱ्यांनी आधी हा हिशेब बघावा, असं मला मनापासून वाटतं.

त्या तासांत काय बोलतो हेही महत्त्वाचं. हवापाणी, ट्रॅफिक यांवर संभाषण अडकलं की जवळीक वाढत नाही. मनातलं सांगावं लागतं, आणि तेही आळीपाळीने. सुझन स्प्रेचर यांच्या २०१३ च्या प्रयोगात काही अनोळखी जोड्या एकमेकांना आलटून-पालटून प्रश्न विचारत होत्या. इतर जोड्यांत आधी एकानेच बोलायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं, मग उलट. दोन्हीकडे शेवटी दोघांचंही बोलून झालं, तरी आलटून-पालटून बोललेल्यांना एकमेकं जास्त आवडली. म्हणून पहिल्याच भेटीत घरातलं सगळं दुःख ओतलं की समोरचा बिचकतो. आधी वडिलांच्या आजारपणाचा नुसता उल्लेख करावा. तो "माझ्या आईचंही असंच झालं होतं" म्हणाला, तर पुढचं सांगावं. त्याने विषय बदलला, तर तूर्तास तिथेच थांबावं.

मैत्री विरते तीही बहुधा भांडणाने नाही. बदली होते, घर बदलतं, मूल होतं. वाटेतला जिना नाहीसा होतो. मग "एकदा भेटू या" असं दोघंही म्हणतात आणि दोघंही समोरच्याच्या फोनची वाट पाहतात. माझी एक मैत्रीण दर गुरुवारी रात्री नऊला मला फोन करते. बोलायला काही असो वा नसो, पावणेनऊला मी ओटा आवरून तयार असते.